प्रत्येक स्वाइपची किंमत

मोबाइलवरच्या साध्या कोडे-खेळात खेळणारा एकच छोटी साखळी पुन्हापुन्हा फिरवत असतो. पट पाहायचा, चाल करायची, काय झाले ते बघायचे आणि बदललेल्या पटावर पुढची चाल शोधायची. गेम बनवणारे तिला ‘कोअर लूप’ म्हणतात. पहिली दहा मिनिटे नवलाईच्या जोरावर निघून जातात. त्यानंतर नाणी आणि बक्षिसांची खैरात करून खेळणाऱ्याला थोडाच वेळ धरून ठेवता येते. खरा उपाय लूपमध्येच असतो: आधीच्या चालीतून पुढचा पेच तयार झाला पाहिजे.

अशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांचा २०१४ मधला ‘थ्रीज’ याचा उत्तम नमुना आहे. पट ४×४, म्हणजे १६ घरांचा. बोट सरकवले की हलू शकणाऱ्या सगळ्या सोंगट्या एकेक घर पुढे जातात. १ आणि २ मिळून ३ होतात. पुढे फक्त सारखे आकडे जुळतात: ३ आणि ३ चे ६, ६ आणि ६ चे १२. प्रत्येक चालीनंतर, सोंगट्या जिथून सरकल्या त्या कडेने एक नवी सोंगटी आत येते.

सगळा ताण या शेवटच्या नियमात आहे. चालीगणिक एक सोंगटी वाढते आणि एका जुळणीने एक कमी होते. त्यामुळे सरासरीने दर चालीला एक जुळणी साधली नाही, तर पट भरत जातो आणि चाल उरली नाही की डाव संपतो. दुसरीकडे, ४८ ची एक सोंगटी घडवायला ३ च्या १६ सोंगट्या लागतात. म्हणजे आत्ताची जागा वाचवणे आणि मोठ्या आकड्याची तयारी करणे, ही दोन्ही कामे एकाच स्वाइपवर येऊन पडतात. गुणही तसेच ठेवले आहेत: ३ ला ३, ६ ला ९, १२ ला २७. आकडा दुप्पट झाला की गुण तिप्पट होतात, म्हणून धोका पत्करावासा वाटतो.

पुढे कोणती सोंगटी येणार, याची सूचना पटाच्या वर दिसते. ही बाब किरकोळ नाही. तिच्यामुळे हरलेल्या माणसाला आपली चूक सापडते. नशिबाला दोष देणारा माणूस क्वचितच दुसरा डाव मांडतो.

लूप पोकळ आहे का, हे तपासता येते. विचार न करता दोनच दिशांना आलटूनपालटून स्वाइप करून पाहावे. ‘थ्रीज’नंतर लगेच आलेल्या ‘२०४८’मध्ये सोंगट्या एकेक घर न जाता थेट अडथळ्यापर्यंत घसरतात, आणि तिथे या युक्तीने बरीच मजल मारता येते. दुसरी खूण खेळणाऱ्याच्या बोटात दिसते. पट भरत असताना बोट थबकू लागले, तर लूप चांगला आहे. ते त्याच वेगाने चालत राहिले, तर नवे टप्पे आणि सजावट वाढवण्याआधी मूळ नियम बदलावा.