सावळा रंग, पिवळा दिवा आणि परका चेहरा

जून २०२० मध्ये बराक ओबामा यांचा एक फोटो जगभर फिरला. अगदी छोटा, नुसते चौकोन दिसणारा. तरी कुणीही ओळखेल असा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी बनवलेल्या ‘पल्स’ या प्रणालीला तो दिला गेला आणि तिने त्यातून स्वच्छ, रेखीव चेहरा काढून दाखवला. तो होता एका गोऱ्या माणसाचा! प्रणालीने त्या चौकोनांत ओबामांना शोधलंच नव्हतं. लहान केल्यावर त्या चौकोनांशी जुळेल असा एक चेहरा तिने रचला होता. ज्या फोटोंवरून ती चेहरे रचायला शिकली, त्यांत गोरे चेहरे जास्त होते.

मोबाइलमधला फोटो देऊन एआयकडून पोर्ट्रेट करून घेताना मूळ फोटो इतका छोटा नसतो. पण तो अंधुक असेल, तर घोटाळा त्याच जातीचा होतो.

समजा, रात्री जेवणं झाल्यावर एका पिवळ्या दिव्याखाली आजींचा फोटो काढला. वर्ण सावळा, गालावर तीळ, नाकात चमकी. मोबाइलचा सेन्सर लहान असतो आणि त्यावर प्रकाश कणाकणाने पडतो. एका पिक्सेलवर दहा हजार कण पडले, तर त्यात साधारण शंभराचा चढउतार असतो, म्हणजे एक टक्का. शंभरच पडले, तर चढउतार दहाचा, म्हणजे दहा टक्के. फोन हा क्षीण संकेत वाढवतो, तेव्हा चढउतारही वाढतो आणि फोटोत दाणे दिसतात. सावळी त्वचा मुळातच कमी प्रकाश परत पाठवते, म्हणून दाण्यांचा त्रास तिला अधिक. त्यात पिवळ्या दिव्यात निळा प्रकाश फार थोडा. रंग सावरण्यासाठी फोन निळा ताणतो आणि गालावर जांभळट-हिरवट डाग उमटतात.

मग फोन हे दाणे पुसायला घेतो. पण बारीक दाणा कुठला आणि त्वचेचं छिद्र कुठलं, हे त्याला नेमकं कळत नाही. दोन्ही पुसली जातात. तीळ फिकटतो, भुवईच्या केसांचा एक पट्टा होतो.

असा फोटो एआयच्या हाती पडतो. ‘स्टेबल डिफ्युजन’च्या २०२२ च्या आवृत्तीत ८ बाय ८ पिक्सेलांचा तुकडा अवघ्या चार आकड्यांत साठवला जातो. फोटोत आजींचा चेहरा २०० पिक्सेल रुंद असेल, तर आडवे २५ तुकडे होतात. आधीच फिकटलेला चार-पाच पिक्सेलांचा तीळ त्यातल्या एखाद्या तुकड्यात विरून जातो. रिकामी जागा मात्र रिकामी राहत नाही. तिथे प्रणालीने आजवर पाहिलेल्या हजारो गालांसारखा एक गुळगुळीत गाल येतो.

रंगाचं दुखणं याहून अवघड आहे. पिक्सेलमध्ये दिसतो तो त्वचेचा आणि दिव्याचा एकत्र रंग. तोच तपकिरी रंग अंधारातल्या गव्हाळ चेहऱ्याचाही असू शकतो आणि उजेडातल्या सावळ्या चेहऱ्याचाही. म्हणून कधी दिव्याचा पिवळेपणा त्वचेचा समजला जातो आणि आजी तांबूस-नारिंगी होतात, तर कधी सगळा काळोख प्रकाशाच्या माथी मारला जातो आणि आजी गोऱ्या होतात. घरच्यांना हे दुसरं पोर्ट्रेट ‘छान उजळ’ वाटतं, हे जास्त खटकणारं आहे. रंगीत डागांचा गालांवरचा गुलाबीपणा होतो, दाण्यांच्या सुरकुत्या होतात.

बनावट ओळखायची एक सोपी रीत आहे. तोच फोटो देऊन चार-पाच पोर्ट्रेट काढावीत आणि शेजारी ठेवावीत. प्रत्येकात जागा बदलणारा तीळ, बदलती कानाची पाळी, कमीजास्त सुरकुत्या या प्रणालीच्या पदरच्या. त्वचेच्या रंगाला मात्र ही कसोटी पुरत नाही, कारण प्रणाली पाचही वेळा सारखीच गोरी करू शकते. तो दिवसाउजेडी प्रत्यक्ष माणसाशीच ताडून पाहावा लागतो.

अंधुक फोटो नंतर उजळून फायदा नाही. त्याबरोबर दाणेही उजळतात. चेहरा ‘सुधारणारी’ साधनंही जपून वापरावीत. २०२१ चं ‘जीएफपी-गॅन’ हे लोकप्रिय साधन फ्लिकरवरून जमवलेल्या ज्या ७० हजार चेहऱ्यांवर शिकलं, ‘पल्स’मागची प्रणालीही त्यांच्यावरच शिकली होती. फोटो नव्याने काढणं उत्तम: दिवसा, खिडकीजवळ, थेट ऊन टाळून, घरातले दिवे बंद करून, ब्युटी मोड काढून. व्हॉट्सॲपवर पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे आकुंचन होत नाही.

माणूस हयात नसेल आणि हाती तो एकच रात्रीचा फोटो असेल, तर त्याच्या जोडीला जुना का होईना, दिवसाचा दुसरा फोटो रंगासाठी द्यावा. तयार पोर्ट्रेट आधी त्या माणसाबरोबर राहिलेल्या कुणाला तरी दाखवावं आणि तीळ कुठल्या गालावर होता, हे विचारून घ्यावं.