मुदतीच्या दोन महिने आधी: सल्लागार संस्थेच्या ब्लॉगचे वार्षिक नियोजन

गुगलवर शोधत शोधत सल्लागार संस्थेच्या ब्लॉगवर येणारा वाचक बहुधा अडलेला असतो. त्याला एखादा अर्ज भरायचा असतो, मुदत जवळ आलेली असते, किंवा आलेली नोटीस कशाची आहे तेच कळत नसते. त्याची अडचण नेमकी कोणती आणि ती वर्षाच्या कोणत्या महिन्यात उभी राहते, या दोन गोष्टी ठाऊक असतील तर ब्लॉगचे अर्धे नियोजन झालेच. लेखांची संख्या, त्यांची लांबी, आठवड्याचा कोणता वार चांगला, या गोष्टी त्यानंतरच्या.

समजा, कोल्हापुरात एक जीएसटी सल्लागार आहे. कार्यालयात तो स्वतः आणि दोन सहायक. अशील म्हणजे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्रीवाले, मशीन शॉपवाले, आणि घरी बसून परदेशी कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामे करणारी काही तरुण मंडळी. संकेतस्थळावर सेवांची माहिती देणारी चार-पाच पाने आहेत. ब्लॉगवर पूर्वी टाकलेले दहा-बारा लेख आहेत. त्यातले निम्मे सणांच्या शुभेच्छांचे.

अशा कार्यालयात विषय सुचण्यासाठी डोके खाजवावे लागत नाही. सहायकांनी एक महिनाभर फोनजवळ वही ठेवावी आणि आलेला प्रत्येक प्रश्न अशिलाच्याच शब्दांत उतरवून घ्यावा. ‘एलयूटी दरवर्षी करायला लागतं का?’, ‘सँपल फुकट पाठवलं तरी बिल करायचं का?’, ‘पैसे डॉलरमध्ये आले, आता जीएसटी कोण भरणार?’ हे प्रश्न जसेच्या तसे ठेवणे महत्त्वाचे. सल्लागार त्यांचे भाषांतर ‘शून्य दराच्या पुरवठ्यासंबंधी तरतुदी’ असे करतो आणि तिथेच वाचक हरवतो, कारण गुगलच्या चौकटीत तसे कोणी लिहीत नाही. कोल्हापूरचा कारखानदार मराठी बोलतो, पण मोबाइलवर बहुधा `lut renewal last date` असे रोमन लिपीत टाइप करतो. लेख मराठीत असला तरी शीर्षकात किंवा पहिल्या परिच्छेदात तो शब्द लोक लिहितात त्या रूपात एकदा यायला हवा. इंग्रजी वाचकही हवे असतील तर त्यांच्यासाठी स्वतंत्र पत्त्याचे स्वतंत्र पान करावे. एकाच पानावर दोन्ही भाषांची खिचडी करू नये.

वहीतला प्रश्न किती लोकांना पडतो हे तपासायला फुकट साधने आहेत. गुगल ट्रेंड्स शोधांचा खरा आकडा देत नाही. सर्वाधिक शोधाच्या वेळेला १०० मानून बाकीचा काळ त्या तुलनेत दाखवते, त्यामुळे वर्षातला चढउतार पाहण्यासाठी ते उत्तम. आपल्या संकेतस्थळाला आधीपासून मिळणारे शोध दिसतात ते गुगल सर्च कन्सोलमध्ये. तिथल्या परफॉर्मन्स अहवालात प्रत्येक शोधवाक्यासमोर चार आकडे असतात: आपले पान निकालांत किती वेळा दिसले, त्यावर किती जणांनी क्लिक केले, त्याचे शेकडा प्रमाण आणि निकालातला सरासरी क्रमांक. एखाद्या शोधात पान नऊशे वेळा दिसले, क्लिक फक्त पाच आले आणि सरासरी क्रमांक चौदा असेल, तर गुगलने त्या पानाचा विषय ओळखला आहे, पण उत्तर अपुरे पडते आहे, असा अंदाज करता येतो. अशा पानाची दुरुस्ती नव्या लेखापेक्षा लवकर फळ देते.

‘जीएसटी म्हणजे काय’ हा विषय मात्र मोह असूनही सोडून द्यावा. त्याचे शोध प्रचंड आहेत, पण निकालांची पहिली पाने सरकारी आणि मोठ्या संकेतस्थळांनी व्यापलेली आहेत, आणि तो शोधणारा अनेकदा परीक्षेचा विद्यार्थी असतो. फुकट पाठवलेल्या नमुन्याच्या बिलाबद्दल महिन्याला कदाचित वीसच जण शोधत असतील, पण ते सगळे निर्यातदार असतात. छोट्या संस्थेला त्या विसांपैकी दोघांचा फोन आला तरी लेखाचे कष्ट वसूल झाले.

आता एलयूटीचा विषय जवळून पाहू. एलयूटी म्हणजे निर्यातदाराने सरकारला दिलेले हमीपत्र. ते दिले की आयजीएसटी न भरता माल किंवा सेवा परदेशी पाठवता येते. ते नसेल तर आधी कर भरायचा आणि मग परताव्यासाठी थांबायचे. हमीपत्र जीएसटी पोर्टलवर RFD-11 या अर्जाने भरतात आणि ते एका आर्थिक वर्षापुरतेच चालते. म्हणजे ३१ मार्चला सगळ्यांची हमीपत्रे एकदम संपतात. साहजिकच या विषयाचा शोध मार्चमध्ये चढतो आणि एप्रिलमध्ये, विसरलेल्यांमुळे, टिकून राहतो.

इथून मागे मोजत यायचे. नवे पान गुगलच्या नोंदीत यायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात, आणि निकालांत त्याची जागा स्थिरावायला त्याहून जास्त, कधी काही महिनेही. छोट्या संकेतस्थळाने किमान दोन महिने हाताशी ठेवावेत. म्हणजे लेख जानेवारीच्या मध्यापर्यंत प्रसिद्ध व्हायला हवा. तो डिसेंबरमध्ये लिहू म्हटले तर त्या महिन्याच्या ३१ तारखेला जीएसटीआर-९ या वार्षिक विवरणपत्राची मुदत असते, आणि तेव्हा कार्यालयात जेवायलाही फुरसत नसते. म्हणून लेखनाची नोंद नोव्हेंबरमध्ये पडते. वेळापत्रक नेमके यासाठीच लागते. प्रसिद्धीची तारीख कोणीही लिहील. लिहायला वेळ कधी मिळणार हे आधी पाहिले नाही तर ती तारीख पाळली जात नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची तारीख ११ आणि जीएसटीआर-३बी ची २०. तेव्हा या कार्यालयात लेखनाला मोकळे दिवस २१ पासून महिनाअखेरपर्यंतचेच, आणि मार्च-डिसेंबरमध्ये तेही नाहीत.

वेळापत्रकासाठी साधी एक्सेलची शीट पुरते. एका ओळीत एक पान. त्यात अशिलाच्या शब्दांतला प्रश्न, पानाचा पत्ता, शोध चढण्याचा महिना, लिहिण्याचे दिवस, कायदेशीर तपशील तपासणाऱ्याचे नाव, लेखातून कोणत्या सेवेच्या पानाकडे दुवा द्यायचा ते, आणि पुन्हा तपासण्याची तारीख. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि नुकसान तिथेच होते.

ते नुकसान असे होते. २०२३ मध्ये संस्था `/lut-2023` या पत्त्यावर लेख टाकते. पुढच्या वर्षी `/lut-2024`, त्याच्या पुढच्या वर्षी `/lut-2025`. तीनही लेखांत नव्वद टक्के मजकूर सारखा. गुगलपुढे एकाच प्रश्नाची एकाच घरची तीन उत्तरे येतात, आणि इतर ठिकाणांहून दुवे मिळालेले जुने पानच बरेचदा वर राहते. मार्च २०२५ मध्ये शोधणाऱ्याला निकालात ‘२०२३’ दिसते आणि तो पुढे सरकतो. हे ओळखायची रीत सोपी आहे. सर्च कन्सोलमध्ये ते शोधवाक्य निवडावे आणि पानांची यादी उघडावी. एकाच वाक्यासाठी दोन-तीन पत्ते आलटून पालटून दिसत असतील तर घरातच स्पर्धा लागली आहे, असे समजावे.

उपाय असा, की पत्त्यात वर्ष घालू नये. `/gst/lut` असा कायमचा पत्ता ठेवून सर्वांत चांगला मजकूर तिथे आणावा, आणि जुन्या तीनही पत्त्यांवरून तिकडे कायमचे, म्हणजे 301 प्रकारचे, वळण द्यावे. ते निदान वर्षभर, शक्य तर त्याहूनही अधिक काळ, राहू द्यावे. पुढे दर जानेवारीत त्याच पानाची उजळणी करायची: पोर्टलवरचा टप्पा बदलला का, चित्रे जुनी झाली का, वर्षभरात वहीत कोणते नवे प्रश्न आले. मजकूर न बदलता नुसती तारीख बदलण्याने काही साधत नाही, आणि तो वाचकाशी अप्रामाणिकपणाही आहे.

पानावर काय असावे यालाही मर्यादा माहीत हवी. ‘शेवटची तारीख कोणती’ या प्रश्नाचे उत्तर आता गुगल अनेकदा निकालांच्या पानावरच देते आणि वाचक आत येतच नाही. म्हणून तारीख पहिल्या ओळीत सांगून टाकावी आणि उरलेला लेख तिथे न मावणाऱ्या गोष्टींना द्यावा. अर्जात दोन साक्षीदारांची माहिती लागते आणि ती आयत्या वेळी हाताशी नसते. बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर गेला नाही तर काय होते? सेवेचे पैसे मुदतीत आले नाहीत तर? असे सगळे तपशील रोज हे काम करणाऱ्यालाच माहीत असतात, आणि हे वाचूनच अशील फोन उचलतो. लेखाच्या मध्यावर, जिथे काम किचकट होते तिथेच, संस्थेच्या निर्यातविषयक सेवेच्या पानाचा दुवा द्यावा. तळाशी दिलेला दुवा फार थोडे जण पाहतात.

एवढ्या कार्यालयाला महिन्याला एक नवा लेख आणि एका जुन्या पानाची उजळणी इतकेच झेपते. त्यातही नव्या बारांपैकी चार जागा मोकळ्या सोडाव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर मोठ्या प्रमाणावर बदलले, तेव्हा ज्यांचे वेळापत्रक काठोकाठ भरलेले होते त्यांना एक तर ठरलेला लेख सोडावा लागला, नाही तर सगळ्यांना हवा असलेला विषय.

परिणाम मोजताना मार्चची तुलना फेब्रुवारीशी करू नये. मोसमी विषयाचे आकडे मार्चमध्ये वाढणारच आणि मेमध्ये पडणारच, त्यात लेखकाचे कौतुकही नाही आणि दोषही नाही. तुलना मागच्या मार्चशी करावी. सोबत फोनजवळच्या वहीत आणखी एक रकाना आखून, नवा माणूस काय वाचून आला ते विचारून लिहावे. क्लिकपेक्षा ही नोंद खरी. आणि दर एप्रिलमध्ये सर्च कन्सोलचे आकडे उतरवून शीटमध्ये जपून ठेवावेत, कारण सोळा महिन्यांहून जुनी माहिती तिथे मिळत नाही.