तळव्यावरचा काळानिळा डाग

नऊ दिवसांपूर्वी पाय मुरगळलेल्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. वय बेचाळीस. पावसाळ्यात शाळेच्या जिन्यावरून उतरताना शेवटची पायरी राहिली आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. डाव्या पायाची बोटं फरशीवर टेकली, टाच हवेतच राहिली, हातात वह्यांचा गठ्ठा होता म्हणून कठडा धरता आला नाही, आणि सगळं शरीर त्या टेकलेल्या चवड्यावरून पुढे आणि थोडं आडवं वळून कोसळलं. त्याच संध्याकाळी त्यांनी घोट्याचा एक्स-रे काढून घेतला. हाड मोडलेलं नाही, मुरगळलाय, असं सांगण्यात आलं. क्रेप बँडेज बांधलं, दुखण्यावरच्या गोळ्या मिळाल्या, आणि जमेल तसं चालायला सांगितलं. घरी आंबेहळदीचा लेपही झाला.

"सूज उतरतेय, पण पाय टेकवत नाही हो डॉक्टर," त्या म्हणाल्या. मी बँडेज सोडलं आणि पाय उचलून तळवा पाहिला. कमानीच्या बरोबर मध्ये रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा डाग होता. कडेला पिवळट आणि मध्ये अजून जांभळा. त्यांनी मोबाईलमधला फोटो दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो डाग गडद जांभळा दिसत होता. वरचं रक्त खाली उतरलं असेल असं समजून त्यांनी तो कुणालाच दाखवला नव्हता.

घोटा मुरगळला की बाहेरच्या बाजूचे बंध ताणले जातात. तिथलं रक्त घोट्याच्या हाडाखाली, पावलाच्या बाहेरच्या कडेने आणि टाचेच्या बाजूने पसरतं. पाय खाली सोडून बसलं तर ते बोटांपर्यंतही येतं. पण तळव्याच्या मधोमध ते सहसा पोचत नाही. तिथे काळंनिळं दिसलं, तर रक्त बहुधा पावलाच्या मधल्या सांध्यांच्या खालच्या बाजूने आलेलं असतं. तिथले बंध तुटल्याचा संशय घ्यायला एवढी खूण पुरेशी आहे. मात्र डाग नाही म्हणून दुखापत नाही, असं म्हणता येत नाही. काहींच्या तळव्यावर तो येतच नाही.

या जागेला आम्ही लिसफ्रँकचा सांधा म्हणतो. जाक लिसफ्रँक (मृत्यू १८४७) हे फ्रान्सचे शल्यविशारद. गँगरीनमुळे पाय कापावा लागे तेव्हा याच सांध्यातून, हाड न करवतता, पुढचा भाग वेगळा करण्याची रीत त्यांनी सांगितली. त्यांनी या दुखापतीचं वर्णन केलं नव्हतं, तरी नाव त्यांचंच राहिलं.

पावलाची पाच लांब हाडं बोटांकडून मागे येतात आणि मधल्या छोट्या हाडांना भिडतात. त्यांतल्या दुसऱ्या हाडाचं मागचं टोक दोन्ही बाजूंच्या हाडांमध्ये खाचेत बसवल्यासारखं आत शिरलेलं असतं. दगडी कमानीत मधला पाचरीचा दगड जे काम करतो, तेच काम ते टोक करतं. निसर्गाने इथे एक जागा मात्र मोकळी सोडली आहे. दुसरं, तिसरं, चौथं आणि पाचवं हाड बुडाशी एकमेकांना बंधांनी जोडलेली असतात, पण पहिल्या आणि दुसऱ्या हाडांच्या बुडांमध्ये असा थेट बंध नाही. त्याऐवजी आतल्या बाजूच्या छोट्या हाडापासून दुसऱ्या हाडाच्या बुडापर्यंत एक जाड तिरका बंध जातो. तोच लिसफ्रँकचा बंध. चवडा टेकलेला, टाच वर आणि त्यावर शरीराचं वजन वळत आलं की नेमका हाच ताणला जातो. तो तुटला की पाचर सैल होते. मग पाय टेकवताच दुसरं हाड आणि त्याच्या पलीकडची हाडं बाहेरच्या बाजूला सरकू लागतात आणि कमान बसत जाते.

ही दुखापत हुकते कशी, याचं कारण एक्स-रेच्या टेबलावर आहे. पहिला एक्स-रे बहुतेक वेळा घोट्याचा असतो, कारण रुग्ण "घोटा मुरगळला" असंच सांगतो. त्यात मधलं पाऊल नीट येत नाही. पावलाचा काढला तरी रुग्णाला झोपवून किंवा बसवून काढतात. वजन नसताना सैल झालेली हाडंही जागच्या जागी दिसतात. पहिल्या भेटीत अशा दुखापतींपैकी साधारण पाचवा हिस्सा सुटून जातो, असं आमच्या पाठ्यपुस्तकांत दिलेलं असतं. तो डॉक्टरांच्या निष्काळजीपणापेक्षा या झोपून काढलेल्या चित्राचा परिणाम अधिक आहे, असं मला वाटतं.

बाईंच्या घोट्याच्या बाहेर मी दाबलं तेव्हा त्यांना फारसं काही वाटलं नाही. चपलेचा पट्टा येतो तिथे, पावलाच्या वरच्या मध्यावर बोट ठेवताच त्यांनी पाय मागे ओढला. मग दोन्ही पावलांचा एक्स-रे काढला, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं करून. चांगल्या पायाशी तुलना करता यावी म्हणून दोन्ही एकाच फिल्मवर घेतले. उजव्या पायात पहिल्या आणि दुसऱ्या हाडांच्या बुडांमधली फट नेहमीसारखी होती, डाव्यात ती जवळजवळ चार मिलिमीटर. दोनच्या वर गेली की आम्ही सावध होतो. त्या फटीत तांदळाच्या कणीएवढा हाडाचा तुकडाही होता. तुटताना बंधाने तो उपटून आणला होता. उभं राहणं अशक्य असेल तर पायावर अजिबात वजन न देता आठवडा-दहा दिवस थांबून हाच एक्स-रे पुन्हा काढतात, किंवा सीटी स्कॅन, एमआरआय करतात.

हाडं सरकलेली नसती तर सहा आठवडे प्लास्टर आणि वॉकरवर एका पायाने चालणं, एवढ्यावर भागलं असतं. इथे शस्त्रक्रिया लागणार होती, आणि तीही लगेच नाही. सुजलेल्या पावलावर चिरा दिला तर जखम भरत नाही. त्वचेवर बारीक सुरकुत्या दिसेपर्यंत, म्हणजे आणखी चार दिवस, पाय उशीवर उंच ठेवून आम्ही थांबलो. मग सरकलेली हाडं जागेवर बसवून प्लेट आणि स्क्रूने धरून ठेवली.

थांबता न येणारी एकच स्थिती असते. सूज दगडासारखी टणक झाली, औषध घेऊनही वेदना वाढतच गेली, बोटं बधीर झाली किंवा हलवताना असह्य कळ आली, तर पावलाच्या आतल्या कप्प्यांत दाब साचतो आहे असं समजून त्याच रात्री रुग्णालय गाठायचं असतं. आणि पावलाच्या मध्यावर सूज असताना मालिश किंवा "हाड बसवून घेणं" नकोच. सैल झालेली हाडं त्याने आणखी सरकतात.

बाईंना सहा आठवडे डावा पाय जमिनीला लावायचा नव्हता. त्यांना सर्वांत जड गेलं ते तेच, कारण दुखणं तिसऱ्याच आठवड्यात थांबलं होतं. "दुखत नाही तर का नको?" असं त्या प्रत्येक भेटीत विचारत. हा बंध सावकाश जुळतो, आणि दुखणं थांबणं म्हणजे तो जुळणं नव्हे, हे मी त्यांना दर वेळी एक्स-रे समोर धरून सांगत राहिलो. पुढे कडक तळाचा बूट, मग कमानीला आधार देणारी सोल, आणि पाचव्या महिन्यात धातू काढून टाकला.

आज वर्षानंतर त्या सपाट रस्त्यावर चार किलोमीटर चालतात. खडबडीत वाटेवर पाऊल दुपारनंतर ठणकतं. सांध्याच्या कूर्चेला पडतानाच मार बसला होता, तो शस्त्रक्रियेने भरून निघत नाही. झीज वाढली तर पुढे कधी तरी ते सांधे कायमचे जोडून टाकावे लागतील, हे मी त्यांना सांगून ठेवलं आहे. पातळ तळाच्या चपला त्यांनी धाकट्या बहिणीला देऊन टाकल्या.