घरच्या माणसांवरचा राग आणि त्याआधीची पाच मिनिटे

शाळेत पन्नास मुलांचा गलका शांतपणे सोसणारी शिक्षिका घरी आल्यावर स्वतःच्या एकुलत्या एका मुलीच्या साध्या प्रश्नाने भडकते, हे कोडे पुष्कळ दिवस मला उलगडत नव्हते. ती शिक्षिका मीच असल्यामुळे कोडे जरा अधिक बोचत होते. आजच्या भाषणात मी ते उलगडण्याचा प्रयत्न करणार आहे. मात्र रागाचे नैतिक विवेचन करण्याचा माझा अधिकार नाही, म्हणून राग शब्दांत उतरण्यापूर्वी शरीरात काय घडते, तेवढ्यापुरतेच बोलेन.

प्रथम एक संध्याकाळ सांगते. पावसाळ्यातला गुरुवार होता. साडेचारला शाळेत शिक्षकांची सभा झाली आणि तीत माझ्या वर्गाच्या निकालाबद्दल एक टोचणारा शेरा मारला गेला. मी काही बोलले नाही. सव्वापाचला स्कूटरवरून निघाले. खडेबाजारातली गर्दी, चिखल, मागून सतत वाजणारे हॉर्न. घरी पोचून दोन जिने चढले तेव्हा सहाला दहा मिनिटे कमी होती. पदर न सोडता दूध तापत ठेवले आणि ते उतू गेले. मी शेगडी पुसत असताना चौदा वर्षांची माझी मुलगी दारात येऊन म्हणाली, ‘‘आई, माझी प्रयोगवही तू कुठं ठेवलीस?’’ बस्स, एवढेच. त्यावर मी जे बोलले ते येथे सांगण्याजोगे नाही. त्यात वहीचा उल्लेख एकदाच आला. उरलेले सारे तिच्या आळसाविषयी, तिच्या स्वभावाविषयी आणि गेल्या वर्षीच्या एका जुन्या चुकीविषयी होते. ती खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतले. यजमान वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, ‘‘अहो, वही विचारली तिनं फक्त.’’ त्यांचेही मला त्या क्षणी पटले नाही.

आता याचा शारीरिक हिशेब पाहू. राग आला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी रक्तात अॅड्रिनलिन सोडतात. हृदयाची गती वाढते, श्वास वरच्या वर चालतो, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते, यकृतातून साखर बाहेर पडते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1915 साली आपल्या ग्रंथात हे बदल सविस्तर मांडले, आणि लढण्याची वा पळण्याची ही तयारी आहे असे त्याने दाखवले. पण नीट पाहा: हृदयाची गती वाढवायला रागच हवा असे नाही. दोन जिने चढले तरी ती वाढते, वाहनांच्या गर्दीत वाढते, सभेत गिळलेल्या अपमानानेही वाढते. आणि वाढलेली गती कशामुळे वाढली, याची चिठ्ठी शरीर आपल्याजवळ देत नाही.

याच मुद्द्यावर डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने 1970 नंतरच्या दशकात प्रयोग केले. काही जणांना प्रथम मुद्दाम चिडवले, मग जागेवर बसवलेली सायकल दमेपर्यंत चालवायला लावली आणि नंतर चिडवणाऱ्याला विजेचा झटका देण्याची संधी दिली. (झटके खरे नव्हते, पण देणाऱ्यांना ते खरे वाटत होते.) सायकल चालवलेल्यांनी अधिक तीव्र झटके निवडले. त्याहून शिकण्यासारखी गोष्ट पुढची आहे. सायकल थांबवून थोडा वेळ जाऊ दिला, म्हणजे माणसाला आपण आता पूर्ववत झालो असे वाटू लागते. शरीर मात्र अजून तापलेले असते. अशा वेळी उरलेली उष्णता समोरच्या माणसाच्या खात्यावर पडण्याचा धोका अधिक. माझ्या गुरुवारी नेमके हेच झाले होते. सभा संपली होती, गर्दी मागे पडली होती, जिने चढून झाले होते. म्हणून मला वाटले की मी शांत आहे आणि जे काही उसळले ते मुलीनेच उसळवले. शाळेत आपण सावध असतो. घरी आल्यावर सावधपणा पायताणांबरोबर दाराबाहेर राहतो. घरच्या माणसांच्या वाट्याला आपला राग अधिक येतो त्याचे एक मोठे कारण हे आहे, असे माझे मत झाले आहे.

मग उपाय कोठून सुरू करावा? राग शब्दांत आला की उशीर झालेला असतो. आम्हा कॅथॉलिकांच्या घरात पापनिवेदनापूर्वी सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करण्याची सवय लहानपणापासून असते. पण त्या तपासणीत मी नेहमी ‘काय बोलले’ एवढेच शोधत आले. त्याआधीची पाच मिनिटे मी कधी तपासलीच नव्हती. त्या रात्री मी एक जुनी वही घेतली आणि घटना उलट क्रमाने लिहिली. ओरडण्याच्या आधी काय? शेगडी पुसताना फडके फार जोरात घासत होते. त्याआधी? पातेले ओट्यावर आपटले होते. त्याआधी? जिन्यात किल्ली काढताना दात एकमेकांवर घट्ट दाबलेले होते. कानशिलाजवळ दुखत होते, म्हणून ते आठवले. पुढच्या पाचसहा आठवड्यांत असे सहा प्रसंग लिहून झाले. छातीतली धडधड मला एकदाही आधी जाणवली नव्हती. पण सहांपैकी पाच वेळा दात आवळलेले होते आणि चार वेळा मी भांडी आपटली होती. माझी खूण सापडली.

ही खूण प्रत्येकाची निराळी असते. आपल्या हृदयाचे ठोके आतून ओळखण्याची शक्ती सर्वांना सारखी नसते. कित्येकांना ते मुळीच कळत नाहीत. त्यांनी बाहेरून दिसणारी खूण धरावी. कोणाचे कान तापतात, कोणाची मूठ वळते, कोणाचे खांदे वर चढतात, कोणाचा आवाज चढण्याऐवजी एकदम खाली येतो आणि शब्द तोडून तोडून बाहेर पडतात. माझ्या यजमानांची खूण माझ्या मुलीने सांगितली: ते एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतात. आपल्या खुणा घरच्यांना आपल्याआधी ठाऊक असतात. मात्र त्या शांत वेळी विचाराव्यात. भांडणाच्या ऐन भरात ‘‘बघा, कान लाल झाले’’ असे कोणी म्हटले, तर त्याचा परिणाम काय होईल ते सांगायला नको.

खूण दिसली की थांबायचे, हे ऐकायला सोपे आहे. माझा पहिला प्रयत्न पार फसला. दात आवळलेले जाणवताच मी एक शब्दही न बोलता गॅलरीत गेले आणि पंधरा मिनिटे उभी राहिले. त्या पंधरा मिनिटांत मी मुलीला द्यायची सर्व उत्तरे मनात सुबक रचून काढली आणि परत येऊन ती ऐकवली. घडले असे की, शरीर थांबले होते, मन थांबले नव्हते. अॅड्रिनलिन रक्तातून तसे काही मिनिटांतच कमी होते; परंतु मनात प्रसंग उगाळत राहिले की ग्रंथी नवा पुरवठा करीत राहतात. दुसरी चूक अशी की, काही न सांगता निघून गेल्यामुळे मुलीला तो अबोला वाटला, आणि आपल्या घरांत अबोला ही शिक्षाच समजली जाते.

म्हणून आता मी एक ठरीव वाक्य बोलते: ‘‘मला राग चढतोय, वीस मिनिटांनी आपण बोलू.’’ वाक्य आधीच ठरलेले बरे, कारण त्या क्षणी नवे शब्द जुळवायला गेले की भलतेच जुळतात. आणि वीस मिनिटांनी खरोखर परत यायचे. वीस मिनिटेच का, असे कोणी विचारील. जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञाने पतिपत्नींना प्रयोगशाळेत भांडणाच्या विषयावर बोलायला लावून त्यांच्या नाडीची नोंद केली. नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की समोरच्याचे म्हणणे माणसाच्या कानी धड पडत नाही, असे त्याचे सांगणे आहे, आणि शरीर खाली यायला किमान वीस मिनिटे द्यावीत असा त्याचा सल्ला आहे. यंत्र बिघडल्याची सबब सांगून त्याने काही जोडप्यांचे बोलणे मध्येच थांबवले आणि त्यांना मासिके वाचायला दिली; नाडी उतरल्यावर तीच माणसे तोच विषय पुष्कळ बऱ्या रीतीने बोलू लागली. आपली नाडी पाहायची तर मनगटावर तीस सेकंद मोजून दुप्पट करावी. मोजण्यात मन गुंतते, हा आणखी एक लाभ.

त्या वेळात काय करावे, याबद्दल एक जुना गैरसमज आहे. राग बाहेर काढून टाकावा, उशी बडवावी, धुणे जोरात आपटावे, म्हणजे तो निघून जातो, असे पुष्कळांना वाटते. 2024 साली सोफी क्येर्विक आणि ब्रॅड बुशमन यांनी दीडशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. शरीराची उत्तेजना उतरवणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणे यांनी राग कमी होतो, आणि चढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत होत नाही, असे त्यांना आढळले. धावण्याने तर तो उलट वाढण्याकडे कल दिसला. प्रकृतीसाठी धावावे, रागासाठी धावू नये.

श्वासाची रीत साधी आहे. चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात. श्वास बाहेर सोडताना हृदयाची गती स्वभावतःच किंचित मंदावते, म्हणून सोडणे लांब ठेवायचे. छाती फुगवून मोठमोठे श्वास घेतले तर चक्कर येते. तसे करू नये. माझ्या आईला संध्याकाळच्या रोझरीत एका लयीत प्रार्थना म्हणताना मी पाहत असे. तिला नाडीचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण रोझरीनंतर तिच्याकडे काही मागितले तर सहसा मिळत असे, हे आम्हा भावंडांना चांगले ठाऊक होते. चार मिनिटे श्वास झाला की मी तांदूळ निवडते, किंवा कपड्यांच्या घड्या घालते. हात गुंतावेत, पण जोर लागू नये, असे काम हवे.

या रीतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उपाशीपोटी किंवा चार तासांच्या झोपेवर ती फारशी चालत नाही. तेथे आधी भाकरी आणि झोप. अलीकडेच चिडचिड वाढली असेल, बसल्या जागी धडधड होत असेल, हात कापत असतील, वजन घटत असेल, तर थायरॉइड ग्रंथीची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी. आणि ज्या घरात रागाबरोबर हात उठतो, वस्तू फेकल्या जातात, मुले पावलांच्या आवाजाने दडून बसतात, तेथे श्वास मोजण्याचे काम पुरे पडणार नाही. तेथे मार खाणाऱ्याला सुरक्षित जागा आणि मारणाऱ्याला जाणकाराची मदत, दोन्ही हवीत. सोसणाऱ्याने ‘मीच थांबायला शिकते’ असे म्हणू नये.

परवा पुन्हा गुरुवार होता आणि पुन्हा सभा होती. स्कूटर लावल्यावर मी वर जाण्याची घाई केली नाही. खालच्या पायरीवर पाच मिनिटे बसून राहिले. शेजारच्या बाईंनी विचारले, ‘‘बाई, बरं नाही का?’’ म्हटले, बरे आहे, जरा उतरते आहे. वर गेले तर मुलीने चहा टाकला होता आणि साखर विसरली होती. दात आवळले गेले. मी तिला ते ठरलेले वाक्य म्हणू लागले, तोच ती घड्याळाकडे पाहून म्हणाली, ‘‘पावणेसात. म्हणजे सात वाजून पाच मिनिटांनी, ना?’’ आणि साखरेचा डबा माझ्यापुढे ठेवून अभ्यासाला निघून गेली.