पहिली पन्नास किलोमीटरची डोंगरधाव: खायचं काय, थांबायचं किती

आज इथे बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून आलेले बरेच जण आहेत, आणि त्यातले काही डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरण्याच्या धावेला उतरणार आहेत. सराव आपण सगळेच करतो. पण पहिल्या पन्नासात माणूस अडतो तो बहुतेक वेळा पोटापायी. म्हणून आज फक्त खाणंपिणं आणि वाटेतले मदतथांबे, एवढ्यावरच बोलू.

आपली पहिली चूक म्हणजे अंतर मोजणं. आयोजक सांगतात, पुढचा थांबा बारा किलोमीटरवर आहे. आपल्याला रस्त्यावरच्या धावेची सवय असते, म्हणून आपण म्हणतो की सव्वा तासाचं काम आहे. पण त्या बारा किलोमीटरमध्ये गडाची चढण असेल, तर तीन तास सहज लागतात. पोटाला किलोमीटर कळत नाहीत, तास कळतात. म्हणून नकाशा घेऊन बसा आणि प्रत्येक टप्प्यापुढे आपल्याला लागणारे तास लिहा. सर्वांत लांब टप्पा सापडला की पाठीवर किती वाहायचं ते ठरलं.

आता हिशोब करू. आधी पाणी. राष्ट्रीय उद्यानात बोरिवलीच्या गेटपासून कान्हेरीपर्यंत जाऊन परत या आणि आधी-नंतर कमीत कमी कपड्यांत, अंग पुसून वजन करा. समजा निघताना 62 किलो होतं, दोन तासांनी 60.8 भरलं आणि मध्ये अर्धा लिटर प्यायलात. म्हणजे 1.7 लिटर घाम गेला, तासाला साधारण 850 मिली. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. डिसेंबरात सह्याद्रीतल्या पहाटे तो कमी येईल, दुपारी उघड्या सोंडेवर पुन्हा वाढेल. सगळा घाम भरून काढायचा नसतो. तहानेकडे लक्ष ठेवून तासाला 500 ते 600 मिली या माणसाला पुरे. तीन तासांच्या टप्प्याला झाले दीड ते 1.8 लिटर.

आणि खाणं? पहिल्या खेपेला तासाला 50 ग्रॅम कर्बोदकं धरा, म्हणजे तीन तासांना 150. दोन केळी झाली 50, आठ-नऊ खजूर आणखी 50, मीठ लावलेले दोन लहान उकडलेले बटाटे 35. एक लिटर पाण्यात ओआरएसची पुडी टाकलीत की त्यातून आणखी साडेतेरा. बघा, पुडीत साखर किती थोडी आहे! ओआरएस मिठासाठी आहे, त्याला जेवण समजू नका. शेंगदाण्याची चिक्की चढणीवर जरा जपून, त्यातली चरबी पचायला वेळ लागतो. आणि भूक लागायची वाट बघायची नाही. पहिल्या अर्ध्या तासापासून, दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घास.

एवढं करूनही मळमळ होते. का? तुम्ही जोरात चढता तेव्हा रक्त पायांकडे जातं, पोटाकडे कमी उरतं, आणि वरून घट्ट गोड पडलं की ते तसंच साचतं. अशा वेळी आणखी खाऊ नका. वेग कमी करा, सावलीत दहा-पंधरा मिनिटं चाला, साध्या पाण्याचे घोट घ्या, मग बटाट्याचा छोटा तुकडा.

पण मळमळीबरोबर डोकं दुखतंय, बोटं सुजून अंगठी घट्ट झालीय आणि तुम्ही सतत पाणी पीत आलात, तर गोष्ट वेगळी आहे. रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांमध्ये ते कमी आढळलं होतं. जास्त पाणी पिऊन ज्यांचं वजन वाढलं आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले, त्यांना धोका अधिक होता. पहिल्या पन्नासात आपण तर चारच्या कितीतरी पुढे जाणार. तेव्हा पाणी थांबवा आणि वैद्यकीय पथकाला सांगा. बोलण्यात गोंधळ दिसला तर सोबत्याने त्या माणसाला एकट्याला सोडू नये.

राहिला मदतथांबा. पाच थांब्यांवर दहा-दहा मिनिटं रेंगाळलात तर पन्नास मिनिटं गेली, आणि कटऑफ कधीकधी तेवढ्यानेच हुकतो. म्हणून थांबा दिसायच्या आधीच बाटलीचं झाकण उघडा, ओआरएसची पुडी हातात ठेवा. आधी पाणी भरा, मग खाणं उचला, कचरा टाका आणि चालायला लागा. खायचं पुढच्या चढावर, चालता चालता. तीन-चार मिनिटांत हे होतं. खुर्ची दिसली तरी बसू नका. उठताना पाय आखडतात.

शेवटचं. मागच्या धावपटूंपर्यंत थांब्यावरची केळी कधीकधी संपलेली असतात. म्हणून पुढच्या टप्प्याचं खाणं कायम आपल्याच पिशवीत हवं. थांब्यावर मिळेल ते वरचं. आणि जे कान्हेरीच्या वाटेवर कधी खाल्लं नाही, ते राजगडावर पहिल्यांदा खायचं नाही. आता प्रश्न विचारा.