घासलेल्या धातूवरची लांबट चमक

स्टेनलेस स्टीलचा पत्रा एकाच दिशेने घासला, की त्याच्यावर जवळजवळ समांतर असे अतिशय बारीक चरे उमटतात. लिफ्टचे दरवाजे, फ्रिजचे पुढचे पत्रे, हॉटेलच्या स्वयंपाकघरातली टेबले अशा ठिकाणी हा पत्रा दिसतो आणि बाजारात त्याला हेअरलाइन किंवा ब्रश फिनिश म्हणतात. त्याच्यासमोर गोल दिवा धरला, तर चमक गोल पडत नाही. ती एका दिशेने ताणली जाते आणि तिचा पट्टा चऱ्यांना काटकोनात पडतो. चरे उभे असतील तर पट्टा आडवा, चरे आडवे असतील तर पट्टा उभा. पत्रा आपल्याच पातळीत फिरवला, की पट्टाही त्याच्याबरोबर फिरतो. दिशेनुसार असे बदलणाऱ्या परावर्तनाला ‘ॲनायसोट्रॉपिक’ परावर्तन म्हणतात. आरशासारख्या गुळगुळीत किंवा सर्व दिशांनी सारख्याच खरखरीत पृष्ठभागावर हा फरक दिसत नाही.

चमक चऱ्यांच्या दिशेने न पसरता आडवी का पसरते, हे कळण्यासाठी एकच चरा घ्यावा. तो म्हणजे आडव्या ठेवलेल्या नळीचा उभा चिरलेला तुकडा, असे समजता येते. नळीच्या लांबीच्या दिशेने सरकत गेल्यास तिचा पृष्ठभाग कुठेच कलत नाही, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी प्रकाश सारख्याच दिशेने परततो. नळीच्या रुंदीत मात्र प्रत्येक बिंदूचा कल वेगळा असतो: एक कड डावीकडे, दुसरी उजवीकडे, मधला भाग सरळ वर. दिव्याचा प्रकाश डोळ्याकडे फेकायला योग्य असा कल रुंदीत कुठे ना कुठे सापडतोच. म्हणून एका जागी ठळक दिसायला हवी होती ती चमक चऱ्यांच्या आडव्या दिशेला दूरवर पसरते आणि चऱ्यांच्या दिशेला अरुंदच राहते. कॅनडातले संशोधक पिएर पुलँ आणि आलँ फूर्निए यांनी १९९० मध्ये हीच कल्पना घेऊन, लहान लहान दंडगोलांनी भरलेल्या पृष्ठभागाचे गणित मांडले होते.

संगणकावर चित्र रेखाटताना प्रत्येक चरा खरोखर कोरणे परवडत नाही. पडद्यावरच्या एका पिक्सेलमध्ये असे कितीतरी चरे मावतात आणि ते एकेक करून मोजायला गेले, तर पृष्ठभाग नुसता लुकलुकत राहतो. म्हणून चऱ्यांऐवजी त्यांचा एकत्रित परिणाम मांडतात. त्यासाठी पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूपाशी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे दोन वेगवेगळे खरखरीतपणे, एक चऱ्यांच्या दिशेचा आणि एक त्यांना आडवा. दुसरी म्हणजे चरे कुठल्या दिशेला धावतात हे सांगणारा बाण. हा बाण पृष्ठभागाला चिकटून असतो, म्हणून त्याला स्पर्शिका म्हणतात. पृष्ठभागापासून सरळ बाहेर जाणारी लंब दिशा ठाऊक असली, तरी तेवढ्याने काम भागत नाही, कारण त्या लंबाभोवती चरे कसेही फिरलेले असू शकतात. चमक किती ताणली जाईल हे दोन खरखरीतपणांचे गुणोत्तर ठरवते. ती कुठल्या दिशेला ताणली जाईल हे मात्र फक्त स्पर्शिका ठरवते.

या मांडणीला मोजमापाचा पाया ग्रेग वॉर्ड यांनी दिला. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत त्यांनी अर्धपारदर्शक आरशाचा घुमट आणि फिशआय भिंगाचा कॅमेरा वापरून खऱ्या पृष्ठभागांचे परावर्तन टिपले आणि १९९२ मध्ये दोन स्वतंत्र खरखरीतपणांचे, वापरायला सोपे सूत्र मांडले. आज सर्वाधिक चालणारी रीत डिस्नेच्या स्टुडिओतल्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२ मध्ये मांडली. तिच्यात चित्रकाराच्या हाती दोनच कळी असतात, roughness आणि anisotropic. त्यांतून दोन दिशांचे खरखरीतपणे असे निघतात:

```
aspect = sqrt(1 - 0.9 * anisotropic)
ax = max(0.001, roughness^2 / aspect)
ay = max(0.001, roughness^2 * aspect)
```

anisotropic शून्य असेल तर ax आणि ay सारखेच येतात आणि चमक गोल राहते. ते पूर्ण १ केले, तर दोहोंचे गुणोत्तर १० होते. याहून जास्त ताण या कळीने देताच येत नाही, आणि घासलेल्या स्टीलला तेवढी गरज सहसा पडतही नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लेथवर धरून गोल गोल घासलेला पातेल्याचा तळ. त्यावरचे चरे एकाच केंद्राभोवतीची वर्तुळे असतात. दिवा एका बाजूला ठेवून तळाकडे बरोबर वरून पाहिले, तर केंद्रातून निघून समोरासमोर पसरणारे दोन उजळ पंखे दिसतात. ते जणू धातूवर रंगवलेले असावेत असे वाटते, पण दिवा फिरवला की पंखेही फिरतात.

या तळाचे गणित प्रत्यक्ष करून पाहण्यासारखे आहे. roughness ०.४ आणि anisotropic ०.८ धरले, तर aspect सुमारे ०.५३ येतो, चऱ्यांना आडवा खरखरीतपणा ०.३० आणि चऱ्यांच्या दिशेचा ०.०८५. दिवा उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला आणि बराच लांब आहे, डोळा बरोबर वर आहे. प्रकाशाची दिशा आणि डोळ्याची दिशा यांच्या नेमकी मधली दिशा १५ अंश कललेली निघते. एखाद्या बिंदूवर चमक दिसायची, तर तिथल्या चऱ्यांमध्ये हा १५ अंशांचा कल पुरेशा प्रमाणात सापडला पाहिजे.

केंद्रातून दिव्याकडे जाणाऱ्या रेषेवरचा बिंदू घेतला, तर तिथला चरा त्या रेषेला काटकोनात असतो. म्हणजे लागणारा १५ अंशांचा कल बरोबर चऱ्याच्या रुंदीत पडतो, जिथे कल भरपूर आहेत. हा बिंदू उजळतो. केंद्राभोवती २० अंश सरकलेल्या बिंदूवर कलाचा थोडा भाग चऱ्याच्या लांबीत शिरतो आणि परावर्तनाच्या सूत्रातला कलांच्या वाटणीचा भाग पहिल्याच्या सुमारे ४० टक्क्यांवर येतो. ४५ अंशांवर तो साधारण तेरावा हिस्सा उरतो. ९० अंशांवर, म्हणजे दिव्याच्या रेषेला काटकोनात, चरा नेमका दिव्याकडे तोंड करून असतो. तिथे लागणारा सगळा कल चऱ्याच्या लांबीत पडतो, जिथे कल जवळजवळ नाहीतच, आणि उजेड अडतिसाव्या हिश्श्यावर येतो. केंद्राच्या पलीकडे गेल्यावर चरा पुन्हा पहिल्यासारखाच उभा राहतो, म्हणून दुसरा पंखा उमटतो. त्याच तळाला anisotropic शून्य दिले, तर याच दिव्याखाली सगळे बिंदू सारखेच उजळतात आणि पंखे नाहीसे होतात. पंख्यांचा आकार कुठेही काढून ठेवलेला नसतो. केंद्राभोवती फिरणाऱ्या स्पर्शिकेतून तो आपोआप तयार होतो.

म्हणूनच हा परिणाम बिघडतो तो बहुतेक वेळा स्पर्शिकेत. सर्वांत जास्त होणारी चूक ९० अंशांची आहे. काही सॉफ्टवेअर स्पर्शिकेला चऱ्यांची दिशा मानतात, तर काही ताणाची. वरच्या सूत्रात ax मोठा आहे, म्हणजे x ही ताणाची दिशा आहे. ती चऱ्यांना आडवी, म्हणजे केंद्रातून बाहेर जाणारी ठेवावी लागते. एका ठिकाणचे पात्र दुसऱ्या ठिकाणी तसेच नेले, तर हा संकेत उलटतो. सपाट पत्र्यावर ते लगेच कळते, कारण पट्टा चऱ्यांच्या दिशेलाच पडतो. गोल तळावर मात्र ही चूक फसवते: पंखे तरीही दिसतात, दिव्याबरोबर फिरतातही, फक्त दिव्याच्या रेषेत न राहता तिला काटकोनात पडतात. म्हणून तपासणी वरून पाहूनच करावी. पंख्याचे टोक दिव्याकडे रोखलेले असले, की स्पर्शिका बरोबर आहे असे समजावे.

दुसरी चूक स्पर्शिका आयती घेतल्याने होते. मॉडेलवर चित्र गुंडाळण्यासाठी जो यूव्ही नकाशा असतो, त्याच्या आडव्या दिशेवरून पुष्कळ सॉफ्टवेअर स्पर्शिका काढतात. तळाचा यूव्ही नकाशा वरून सपाट छापा मारल्यासारखा बनवलेला असेल, तर सगळीकडे एकच दिशा येते आणि लेथवर घासलेला तळ लिफ्टच्या दरवाज्यासारखा चमकू लागतो. अशा वेळी स्पर्शिका नकाशातून न घेता बिंदूच्या जागेवरून काढणे चांगले. केंद्रापासून बिंदू (x, y) वर असेल, तर वर्तुळाकार चऱ्याची दिशा (-y, x) असते. ब्लेंडरमध्ये Tangent नोडला Radial हा पर्याय दिलेला आहे, तो याच कामाचा. दर पिक्सेलला असे काढले, तर मॉडेलचे त्रिकोण थोडे असले तरी पंखे तुकड्यातुकड्यांत तुटत नाहीत.

गुंतागुंतीच्या घासकामासाठी चऱ्यांच्या दिशा टेक्स्चरमध्ये भरून ठेवतात. चऱ्याला पुढचे-मागचे टोक नसते, त्यामुळे ० ते १८० अंशांत सर्व दिशा मावतात. पण नुसता कोन साठवला तर घात होतो. शेजारच्या दोन ठिपक्यांत १७९ आणि १ अंश असतील, तर प्रत्यक्षात त्या दिशांत दोनच अंशांचा फरक आहे. सॉफ्टवेअर मात्र त्यांची सरासरी ९० काढते आणि तिथे चमक काटकोनात वळलेली एक बारीक रेघ उमटते. कोन दुप्पट करून त्याची कोज्या आणि ज्या साठवली आणि वाचताना निघालेला कोन निम्मा केला, की ही रेघ जाते.

तळाच्या नेमक्या केंद्राशी चऱ्याला दिशाच उरत नाही, (-y, x) तिथे शून्य होते. तेवढ्या जागी चमक आक्रसून काळा किंवा पांढरा ठिपका दिसतो. केंद्राजवळ anisotropic हळूहळू शून्यावर आणणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

शेवटची मर्यादा या मांडणीच्या मुळातच आहे. ती चऱ्यांच्या समूहाची सरासरी सांगते. कॅमेरा इतका जवळ गेला, की एका पिक्सेलमध्ये एखाददुसराच चरा मावतो, तेव्हा खऱ्या धातूवर सुटे चरे वेगवेगळे चकाकताना दिसतात, आणि गुळगुळीत पंखा तिथे प्लास्टिकसारखा खोटा वाटतो. अशा दृश्यासाठी चरे नॉर्मल मॅपमध्ये प्रत्यक्ष काढावे लागतात. कॅमेरा मागे जाईल तसे ते विरवून पुन्हा ax, ay आणि स्पर्शिका यांच्या सरासरीवर यावे लागते.