११५२०० वर अक्षरं का बिघडतात?

आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा ३२८पी चिपला १६ मेगाहर्ट्झचं घड्याळ असतं. सिरियलचा वेग, म्हणजे बॉड रेट, त्यालाच भागून मिळतो. भाजक `UBRR0` या रजिस्टरमध्ये भरायचा:

```
UBRR0 = 16000000 / (16 * baud) - 1
```

९६०० साठी उत्तर १०३.१७ येतं. १०३ भरले की चूक जेमतेम ०.२ टक्के. ११५२०० साठी मात्र ७.६८ येतं आणि रजिस्टरला पूर्णांकच लागतो. ८ भरले तर खरा वेग १,११,१११ मिळतो. म्हणजे साडेतीन टक्के कमी.

एवढ्याने काय बिघडतं? स्टार्ट बिट दिसताच चिप मोजायला लागते आणि प्रत्येक बिट त्याच्या मध्यावर वाचते. दहावा, म्हणजे स्टॉप बिट वाचेपर्यंत उशीर साचून बिटाच्या एक तृतीयांशावर जातो. तरीही अक्षर नीट येतं. पण समोरचं यंत्र दोन टक्के जलद असेल, तर वाचन पुढच्या अक्षराच्या स्टार्ट बिटात घसरतं. स्टॉपच्या जागी शून्य येतं, `FE0` हा फ्रेमिंग एररचा झेंडा वर होतो आणि पुढची अक्षरंही बिघडतात. एकेक कळ दाबली तर सगळं ठीक, सलग मजकूर आला की कचरा, ही याची खूण.

`U2X0` बिट लावून सूत्रात १६ ऐवजी ८ घ्या आणि १६ भरा, चूक २.१ टक्क्यांवर येते. स्वतःचा बोर्ड बनवत असाल तर १४.७४५६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घ्या. त्यावर `U2X0` न लावता भाजक नेमका ७ येतो.